ल की ळ? वेरूळच्या एका वाक्यावरून धडा



'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण फळ्यावर लिहा. मग तिच्यातले दोन्ही ळ पुसून तिथे ल लिहा. वाक्य होतं, 'काल आला होता, पण वेल आली नव्हती.' मरणाची गोष्ट गेली. कुणीतरी काल येऊन गेला आणि अंगणातली वेल काही उगवली नाही, एवढंच उरलं! ल आणि ळ ही दोन वेगळी अक्षरं का, हे मुलांना एवढ्यावरूनच कळतं.

ज्या घरात हिंदी किंवा दखनी बोलतात, तिथल्या मुलांच्या कानावर ळ फारसा पडत नाही. वऱ्हाडाकडे बोलीत 'काळा'चा 'काया' होतो. अशा मुलाला नुसतं 'नीट ऐक आणि लिही' सांगून उपयोग नाही. आधी जीभ दाखवावी. ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. ळ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं आणि तिथून पुढे येतं.

त्यानंतर शब्दांच्या जोड्या. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असेल, तर मराठीत आलेल्या शब्दात त्याचा बहुधा ळ झाला. प्राकृतात जिथे जोड ल्ल होता, तिथे मराठीत ल राहिला. फल–फळ, पण फुल्ल–फूल. गल–गळा, पण गल्ल–गाल. वेला–वेळ, पण वल्ली–वेल. मुलांना हा इतिहास शिकवायची गरज नाही. 'फळ-फूल', 'गळा-गाल', 'वेळ-वेल' अशा जोड्या पाठ झाल्या तरी पुरे.

आता आपल्या वेरूळचं वाक्य घेऊ:

'वेरूळला सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे म्हणजे एकाच अखंड शिळेतून वरून खाली कोरत आणलेले देऊळ.'

'लेणे' सोपं आहे, कारण मराठी शब्दाच्या सुरुवातीला ळ येत नाही. 'आणलेले' हे भूतकाळी रूप आहे. आला, गेली, कोरले, पळाला, सगळीकडे शेवटचा प्रत्यय ल चाच असतो. 'पळाला'मध्ये धातूचा ळ आणि प्रत्ययाचा ल शेजारी-शेजारी दिसतात. 'कैलास' हा संस्कृत शब्द जसाच्या तसा घेतलेला, म्हणून ल. 'देऊळ' मात्र 'देवकुल'पासून झिजत आलं, म्हणून ळ. 'सोळा'त मूळचा ल नाहीच. 'षोडश'मधल्या ड चा ळ झाला, जसा 'गुड'चा 'गूळ'.

राहिले 'शिळा' आणि 'खाली'. इथे अंदाज थांबवून कोश उघडायचा.

कोश पाहताना मुलं दोन ठिकाणी अडतात. पहिली अडचण क्रमाची. वर्णमालेत ळ हा ल च्या शेजारी नसून ह नंतर येतो. त्या क्रमाने लावलेल्या कोशात 'काल' सापडल्यावर 'काळ' लगेच खाली शोधू नये. काव, काश, कास, काह अशी पानं उलटून पुढे जावं लागतं. लगेच खाली दिसला नाही म्हणून 'हा शब्द कोशात नाही' असं मूल ठरवून टाकतं.

दुसरी अडचण रूपाची. कोशात 'शिळेतून' मिळणार नाही, 'शिळा' मिळेल. 'मुलांना' आणि 'मुळांना' यांच्यासाठी 'मूल' आणि 'मूळ' पाहावं लागेल. प्रत्यय काढून, ऱ्हस्व उकार पुन्हा दीर्घ करून मगच शोधायचं.

आणि शब्द सापडला म्हणजे काम झालं असं नाही. 'शिळा' पाहा. एक स्त्रीलिंगी नाम आहे, अर्थ दगड. दुसरं विशेषण आहे, शिळा भात. शिवाय 'शिला'ही कोशात आहे आणि तीही बरोबर. 'शिलालेख' लिहिताना ल, पण 'दारात शिळा पडली' म्हणताना ळ. संस्कृत जोडशब्दात बहुतेक वेळा ल टिकतो: फलाहार पण फळबाग, मूलभूत पण मुळाक्षरे. म्हणून मुलाकडून तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात: शब्द, त्याचं लिंग किंवा जात, आणि आपल्या वाक्यात बसणारा अर्थ. 'खाली'ही असंच तपासा.

घरी मोल्सवर्थचा किंवा दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' नसला तरी दोन्ही इंटरनेटवर पाहता येतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, त्यामुळे तिथे ल-ळ पाहावा, पण ऱ्हस्व-दीर्घासाठी आजच्या नियमांचा लेखनकोश वापरावा. गावांची नावं शब्दकोशात असतीलच असं नाही. 'वेरूळ'साठी मराठी नकाशा किंवा पाठ्यपुस्तक पाहावं. 'एलोरा' ही पाटी वाचून ल ठरवू नये.

उद्याच्या गृहपाठासाठी दहा शब्द: काल, काळ, वेल, वेळ, मूल, मूळ, गाल, गळा, शिला, शिळा. प्रत्येकाचं एक वाक्य, आणि वाक्याआधी कोशातला अर्थ.