तरुणपणीचा पक्षाघात
एमआय रूममध्ये आलेले ते प्रशिक्षक ३४ वर्षांचे होते. रोज १५ सिगारेटी ओढणारे. पीटीनंतर उजव्या हातातून चहाचा कप निसटला, जीभ जड झाली आणि १० मिनिटांत सारे पूर्ववत. थकवा असेल, असे सगळे म्हणाले. वयस्कांत यामागे बहुधा जुना रक्तदाब किंवा मधुमेह असतो. यांना दोन्ही नव्हते. पण धुरामुळे रक्त लवकर गोठते आणि सिगारेटी वाढतील तसा तरुणांचाही धोका वाढतो. मी त्यांना लगेच रुग्णालयात पाठवले, कारण मोठा झटका पहिल्या २ दिवसांतच जास्त संभवतो. चेहरा वाकडा झाला, उचललेला हात खाली घसरला, की घड्याळ पाहावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. स्कॅनआधी ॲस्पिरिन मात्र देऊ नये; आत रक्तस्रावही असू शकतो.