ओळींची दाटी

प्रश्न : मंडळाच्या पोस्टरवरचा मजकूर कोंदट दिसतो. अक्षर 24 पॉइंटांवरून 20 केलं, तरी तेच. फॉन्ट बदलू का?
– एक कार्यकर्ता, सातारा

उत्तर : फॉन्ट राहू द्या, दोष ओळींमधल्या अंतराचा आहे. सॉफ्टवेअर ते आपोआप बहुधा अक्षराच्या 120 टक्के धरतं, इंग्रजीला पुरतं. आपल्याकडे ‘विठ्ठल’मधला ठ्ठ खाली उतरतो आणि खालच्या ओळीतल्या ‘मूर्ती’च्या रफार-वेलांटीला टेकतो. अक्षर लहान केल्यावर अंतरही त्याच प्रमाणात आटलं, म्हणून फरक पडला नाही. 24 पॉइंटच ठेवा, अंतर स्वतः 34 ते 36 करा. जागा अपुरी पडली तर मजकूर कापा (पाहुण्यांची यादी सहसा कापता येते!). अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते.