सहाशेला बाराशे, पण हातात किती?

इंट्राडे सौद्यात शिरण्याआधी करायचा दोन मिनिटांचा हिशेब

चार्टवर सौदा देखणा दिसतोय. शेअर ५०० रुपयांना घ्यायचा, ४९७ ला स्टॉप लॉस, ५०६ ला टार्गेट. २०० शेअर घेतले तर चुकल्यास ६०० रुपये जाणार, जमल्यास १,२०० येणार. एकास दोन! बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात आणि बटण दाबतात. पण या आकड्यांत खर्च कुठेच धरलेला नाही.

खर्च किती?

लाखभर रुपयांची खरेदी आणि त्याच दिवशी विक्री धरू. ब्रोकरेज प्रत्येक ऑर्डरला २० रुपये असेल, तर अंदाज असा:

- ब्रोकरेज, दोन्ही बाजूंचे: ४० रुपये
- एसटीटी, फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के: २५ रुपये
- शेअर बाजाराचे व्यवहार शुल्क: सुमारे ६ रुपये
- मुद्रांक शुल्क, फक्त खरेदीवर: ३ रुपये
- ब्रोकरेज आणि व्यवहार शुल्कावर १८ टक्के जीएसटी: सुमारे ८ रुपये

एकूण साधारण ८२ रुपये. दर बदलत असतात, तेव्हा आपला आकडा कालच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून घ्या.

दुसरा खर्च कॉन्ट्रॅक्ट नोटवर वेगळा दिसत नाही. घाईची मार्केट ऑर्डर ५०० ऐवजी ५००.२५ ला लागते. स्टॉप लॉसही घसरत्या भावात ४९७ ऐवजी ४९६.७५ ला सुटतो. टार्गेटला लिमिट ऑर्डर लावलेली असते, त्यामुळे तिथे असा फरक धरायची गरज नाही.

आता पुन्हा मोजू. चुकल्यास शेअरमागे साडेतीन रुपये, म्हणजे ७००, अधिक खर्च ८२: ७८२ रुपये. जमल्यास पावणेसहा रुपये, म्हणजे १,१५०, वजा ८२: १,०६८ रुपये. एकास दोनचे एकास १.३७ झाले. कागदावर शंभरात ३४ सौदे बरोबर आले तरी पुरत होते, आता ४३ लागतात.

सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. तोट्यातल्यांनी तोट्याच्या सरासरी ५७ टक्के इतकी रक्कम वर खर्चापोटी मोजली होती.

टार्गेट कुठून आले?

५०६ हा आकडा बहुधा तीनची दुप्पट करून काढलेला असतो. चार्ट नीट पाहिला तर कालचा उच्चांक ५०४ वर दिसतो. तिथे विक्रेते बसलेले असण्याची शक्यता मोठी, म्हणून प्रामाणिक टार्गेट ५०३.८०. मग हाती ६२८ रुपये येतात आणि धोका मात्र ७८२ चाच राहतो. शंभरात ५६ वेळा बरोबर यावे लागेल. तुमच्या वहीत याच प्रकारच्या मागच्या पन्नासेक सौद्यांचा निकाल तसा नसेल, तर हा सौदा घेण्यासारखा नाही.

गुणोत्तर सुधारायचे दोन मार्ग

पहिला चुकीचा: स्टॉप लॉस ४९९ वर आणायचा. कागदावर आकडा झकास दिसतो. पण हा शेअर पाच मिनिटांच्या एका कँडलमध्ये सहज दीड रुपया खाली-वर होत असेल, तर नेहमीच्या हालचालीतच तुम्ही बाहेर फेकले जाल. सकाळचा नीचांक ४९७.२० असेल, तर तो तुटल्यावरच तुमचा अंदाज चुकला असे ठरते. म्हणून स्टॉप त्याच्या खालीच, ४९७ ला हवा.

दुसरा बरोबर: थांबायचे. ४९९ ला लिमिट ऑर्डर लावा. खरेदी ठरल्या भावात झाली तर चुकल्यास ५३२ रुपये जातात आणि ५०३.८० ला ८७८ येतात, म्हणजे एकास १.६५. चार्ट तोच, स्टॉप तोच, फक्त खरेदी एक रुपया खाली. भाव खाली आलाच नाही, तर सौदा होणार नाही. तेव्हा ५०१.५० ला मागे धावू नका, कारण तिथून टार्गेट २.३० रुपयांवर आणि स्टॉप साडेचार रुपयांवर असतो.

सोडून द्यावा असा सौदा

- खर्च वजा जाता मिळकत धोक्याच्या दीडपटही नाही, आणि वहीतला यशाचा आकडा ती तूट भरून काढत नाही.
- खर्चच धोक्याच्या पाचव्या हिश्शाहून अधिक आहे. फार जवळच्या स्टॉपमध्ये असे होते.
- खरेदी आणि विक्रीच्या भावांतली दरी मोठी आहे. अशा शेअरमध्ये २५ पैशांचा फरक धरून भागत नाही.

दीडपट आणि पाचवा हिस्सा ही माझी मोजमापे आहेत, नियम नव्हेत. तुमची तुमच्या वहीवरून ठरवा. सोडलेले सौदेही त्याच वहीत लिहा, त्यांचे पुढे काय झाले ते टिपा. महिन्याभराने मोजमाप जास्त कडक आहे की सैल, हे त्यावरून कळेल.