पाच स्पीकर की तीन?

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १२ फुटांचा आहे. मालिकांमधले संवाद आईंना नीट ऐकू येत नाहीत. दुकानदार म्हणतो, ५.१ साउंडबार घ्या. जितके चॅनल जास्त, तितका आवाज स्पष्ट, हे खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. ५.१ म्हणजे पाच चॅनल आणि एक सबवूफर. तुमच्या हॉलमध्ये सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असणार. मग मागचे दोन स्पीकर थेट कानाशी येतात आणि संवाद आहेत तिथेच राहतात. तुम्हाला ३.१ पुरेल. त्यातला मधला चॅनल मुख्यतः संवादांसाठीच असतो.

दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारून पाहा. एचडीएमआयच्या एखाद्या खाचेवर ARC लिहिलेलं असेल, तर एकाच केबलमध्ये काम होतं आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त करता येतो. आईंना दुसरा रिमोट नको! ARC नसेल तर ऑप्टिकल केबल चालेल. ब्लूटूथ मात्र टाळा, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. जोडल्यावर आवाजच आला नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ PCM करून पाहा.

सोनी, सॅमसंग, जेबीएल, यामाहा यांपैकी ज्याचं सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे, ते घ्या.