‘लग्न झालंय का, मुलं किती?’ नोकरीच्या अर्जात काय लिहायचं, कुठे थांबायचं

परंड्यात बसून नोकरीचा अर्ज भरताना आधी एवढंच पाहा: भरती सरकारी आहे की खासगी. वय, लग्न आणि मुलांचे प्रश्न दोन्हीकडे असतात. सरकारी अर्जात ते टाळले तर अर्ज बाद होऊ शकतो. खासगी अर्जात मात्र विचारलं तेवढं सगळं भरून दिलं, तर मुलाखतीला बोलावण्याआधीच तुमचा कागद बाजूला पडू शकतो.

सरकारी अर्जाचं आधी उरकू. तिथे वय पात्रतेची अट आहे. राज्याच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 ही कमाल मर्यादा असते. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत दिलेलं असतं, ती तारीख शोधून मगच फी भरा. पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला ठेवा. जन्मतारखेसाठी फक्त आधारवर विसंबू नका.

मुलांची माहिती लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनात, म्हणजे ‘नमुना अ’मध्ये द्यावी लागते. महाराष्ट्रात 2005 पासून हा नियम आहे. हयात मुलं किती, हे त्यात खरं लिहायचं. दोनपेक्षा जास्त असतील आणि तिसरं 28 मार्च 2006 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलं असेल, तर उमेदवार अपात्र ठरू शकतो. हा नमुना आजची संख्या विचारतो. पुढे मूल हवं आहे का, कधी हवं आहे, हे त्यात कुठेही विचारलेलं नाही. कुणी तोंडी विचारलं तर ‘नमुना अ भरून दिलाय’ एवढं उत्तर पुरे.

इथेच पहिला अनावश्यक खर्च होतो. प्रतिज्ञापन म्हटलं की स्टॅम्प पेपर घ्यायला सांगितलं जातं. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100 रुपयांच्या जागी किमान 500 रुपयांचा मुद्रांक झाला आहे. जाहिरातीत मुद्रांक कागदाचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्यासोबत दिलेला नमुना साध्या कागदावर भरून सही करा. पैसे देण्याआधी जाहिरातीतली ती ओळ स्वतः वाचा.

आता खासगी नोकरी, कारण खरी अडचण इथे आहे. खासगी मालकाने लग्नाबद्दल विचारूच नये, असं थेट सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. भरतीत स्त्री म्हणून डावलायला वेतन संहितेत मनाई आहे, पण ते सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून भांडण न करता, खोटंही न लिहिता उत्तर द्यायचं.

समजा, तुमचं वय 29 आहे, लग्न झालंय, तीन वर्षांची मुलगी आहे आणि बार्शीच्या एका दवाखान्यात स्वागतकक्षातल्या कामासाठी अर्ज करताय. छापील अर्जात चार रकाने आहेत: वय, वैवाहिक स्थिती, अपत्ये, पुढील दोन वर्षांतील कुटुंबाचे नियोजन. वयाच्या रकान्यात ‘18 वर्षे पूर्ण, जन्मतारखेचा पुरावा रुजू होताना देईन’ असं लिहिता येतं. जन्मतारीख द्यायला हरकत नसेल तर सरळ द्या, दहावीच्या प्रमाणपत्रावरून ती कळणारच आहे. वैवाहिक स्थिती आणि अपत्यांसमोर लिहा, ‘पीएफ व विम्याच्या नोंदीसाठी आवश्यक माहिती निवड झाल्यावर देईन.’ चौथ्या रकान्यात आडवी रेघ मारा आणि पुढे लिहा, ‘वैयक्तिक बाब. पदाच्या कामाच्या वेळा मला मान्य आहेत.’ हे शेवटचं वाक्य वेळा खरंच जमणार असतील तरच लिहा.

रकाना कोरा सोडू नका. कोरी जागा पाहिली की विसरली असेल असं वाटतं आणि फोन येतो. रेघ आणि एक वाक्य असलं की तुम्ही विचार करून थांबलात हे दिसतं.

ऑनलाइन अर्जात `Marital Status` पुढे लाल तारा असेल तर उत्तराशिवाय पान पुढे सरकत नाही. यादीत `Prefer not to say` असेल तर ते निवडा. नसेल तर खरं तेच निवडा. लग्न झालेलं असताना `Single` निवडणं हा बऱ्याच जणी घेतात तो धोक्याचा शॉर्टकट आहे. अर्जाखाली ‘वरील माहिती खरी आहे’ यावर तुमची सही असते. रुजू होताना कागदपत्रांतून लग्न कळतं आणि काढून टाकायला मालकाला आयतं कारण मिळतं. उत्तर न देणं आणि खोटं देणं यात हा फरक आहे.

मुलाखतीत हाच प्रश्न गोड आवाजात येतो: ‘ताई, पुढे अजून मूलबाळ वगैरे?’ विचारणाऱ्याला बहुतेकदा दांड्या पडतील का याची काळजी असते. त्या काळजीचं उत्तर द्या, प्रश्नाचं देऊ नका. ‘सर, घरचं नियोजन माझं मी बघते. ड्यूटी किती ते किती आणि सुट्टी कोणत्या वारी ते सांगा, जमेल की नाही ते आत्ताच सांगते.’ परत विचारलं तर हेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा बोला. बार्शीहून परंड्याला परत येण्याच्या एसटीच्या वेळा पाठ करून जा. रात्रपाळीचा विषय निघाला की घरच्यांच्या परवानगीऐवजी गाडीच्या वेळेवर बोलता येतं. तिसऱ्यांदाही तोच प्रश्न आला, तर त्या जागी पुढे काय वागणूक मिळेल याचा अंदाज घ्या. नकार येऊ शकतो, हे धरूनच जा.

निवड झाल्यावर चित्र बदलतं. पीएफ, ईएसआय आणि ग्रॅच्युइटीच्या वारसनोंदीत लग्न व कुटुंबाची माहिती लागते. ती तेव्हा पूर्ण आणि खरी द्या, नाहीतर नुकसान तुमच्याच घरच्यांचं होईल. प्रसूती रजेसाठी आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची आहे. त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. ‘दोन वर्षं मूल होऊ देणार नाही’ असं हमीपत्र कुणी मागितलं तर सही करू नका. सही झाली तरी असल्या कागदाने रजेचा हक्क जात नाही.

याचा जुना दाखला नीरा माथूर यांचा आहे. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीसाठी भरून घेतलेल्या अर्जात पाळी आणि गर्भारपणाची माहिती विचारली होती. ती खरी दिली नाही या कारणावरून त्यांना प्रसूतीनंतर कामावरून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाकायला सांगितलं. महामंडळ सरकारी होतं, त्यामुळे खासगी मालकावर हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. तरी सरकारी किंवा निमसरकारी अर्जात असा रकाना दिसला तर या निकालाचं नाव घेऊन लेखी हरकत घ्या.

एजंटकडून अर्ज भरत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. ‘लग्नाचा रकाना मी सेट करून देतो’ म्हणून तो जादा पैसे मागेल. देऊ नका, सही तुमची असते. आणि भरलेल्या अर्जाचा फोटो त्याच्यासमोरच काढून घ्या, तारखेसकट. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. पुरुषांच्या अर्जात हे रकाने नाहीत असं दिसलं, तर त्या कोऱ्या अर्जाचाही फोटो ठेवा.

प्रश्न अश्लीलतेकडे वळले तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. त्यासाठी तुम्ही तिथे नोकरीला असण्याची अट नाही. वकील लागला तर महिलांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते. 15100 वर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. सोबत ओळखपत्र, अर्जाचा फोटो आणि कोण, कधी, काय बोललं याचा एक पानभर मजकूर न्या. तो मजकूर मुलाखतीच्या दिवशीच लिहून ठेवा.