खंडाचे अक्षर बदलले आणि संदर्भ तुटला

अफूच्या लागवडीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेर येथे आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतील परवानाधारक शेतकऱ्यांचा या कार्यालयाशी नित्य संबंध येतो. हे कार्यालय ज्या कायद्याखाली काम करते, त्या १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात केवळ एक अक्षर बदलल्याने मोठी अडचण उद्भवली. दीर्घ नियमावलीतील कलमांना क्रमांक कसे द्यावेत, हे या उदाहरणावरून चांगले समजते.

या अधिनियमाच्या कलम २ मध्ये व्याख्या दिलेल्या आहेत. १९८९ साली त्यात खंड (आठ-क) घालण्यात आला. ‘अवैध व्यापार’ म्हणजे काय, हे या खंडात उपखंड (एक) ते (पाच) मध्ये सांगितले होते. त्याच वेळी कलम २७-क हेही नव्याने आले. अवैध व्यापाराला पैसा पुरविणाऱ्यास किंवा तो करणाऱ्यास आसरा देणाऱ्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरीची शिक्षा त्यात आहे. परंतु कोणती कृत्ये अवैध, हे त्या कलमात पुन्हा लिहिलेले नव्हते. ‘कलम २ च्या खंड (आठ-क) मधील उपखंड (एक) ते (पाच) यांत नमूद केलेली कृत्ये’ एवढाच निर्देश होता.

पुढे असह्य वेदना सोसणाऱ्या रुग्णांना मॉर्फिनसारखी औषधे सुलभतेने मिळावीत, या हेतूने कायद्यात सुधारणा करण्यात आली. ती १ मे २०१४ पासून अंमलात आली. तीत ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधिद्रव्य’ ही नवी व्याख्या होती. व्याख्या इंग्रजी वर्णानुक्रमाने मांडलेल्या असल्याने ती ‘अवैध व्यापार’ या व्याख्येच्या आधी बसली. नव्या व्याख्येला (आठ-क) हे अक्षर मिळाले आणि जुनी व्याख्या (आठ-ख) झाली. कलम २७-क मात्र जसेच्या तसे राहिले.

परिणाम असा झाला की, शिक्षेचे कलम ज्या खंडाकडे बोट दाखवीत होते, तेथे आता औषधाची व्याख्या होती आणि तिला उपखंडच नव्हते. आरोपीच्या वतीने हा मुद्दा न्यायालयापुढे आला. २०२१ साली त्रिपुरा उच्च न्यायालयाने केंद्र शासनास दुरुस्ती करण्याचा आदेश दिला. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अध्यादेश निघाला व डिसेंबरमध्ये अधिनियम झाला. (आठ-क) ऐवजी (आठ-ख) एवढाच बदल, पण तो १ मे २०१४ पासून लागू मानावा लागला. कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्याबद्दल शिक्षा करता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २० सांगते. त्यामुळे फौजदारी कायद्यात अशी मागाहून केलेली दुरुस्ती वादातीत राहत नाही.

योग्य रीत कोणती?

पहिली गोष्ट ही की, एकदा दिलेला क्रमांक बदलू नये. नव्या व्याख्येस (आठ-ख) म्हटले असते, तर वर्णानुक्रम किंचित बिघडला असता, पण एकही संदर्भ ढळला नसता. वगळलेल्या तरतुदीची जागाही रिकामीच ठेवावी. २० जून १९७९ रोजी संविधानाच्या अनुच्छेद १९(१) मधून मालमत्तेच्या हक्काचा उपखंड (च) वगळण्यात आला. तरीही त्यापुढील व्यवसायाच्या हक्काचा उपखंड (छ) हा (छ) च राहिला. शिवाय खंड (५) मध्ये वगळलेल्या उपखंडाचा जो उल्लेख होता, तोही त्याच वेळी काढण्यात आला.

दुसरी गोष्ट संदर्भसूचीची. नियमावली तयार होतानाच एका तक्त्यात दोन रकाने करावेत: डावीकडे कलमाचा क्रमांक आणि उजवीकडे त्याचा उल्लेख करणारी सर्व कलमे. वरील प्रकरणात (आठ-क) समोर २७-क हा आकडा लिहिलेला असता, तर सुधारणेचा मसुदा करतानाच चूक ध्यानात आली असती. अशा सूचीत त्या नियमावलीचा आधार घेणारी परिपत्रके व छापील नमुनेही नोंदवावीत, कारण तेथील जुने क्रमांक सहज नजरेआड होतात.

तिसरी गोष्ट, क्रमांकासोबत विषयही लिहावा. ‘कलम २ मधील अवैध व्यापार या व्याख्येचे उपखंड (एक) ते (पाच)’ अशी शब्दरचना असती, तर अक्षर बदलूनही अर्थ टिकला असता. मात्र क्रमांक व विषय यांत विसंगती आढळल्यास नव्या वादाला तोंड फुटते. म्हणून ही रीत संदर्भसूचीची जागा घेऊ शकत नाही.

सुधारणा निर्गमित करण्यापूर्वी प्रत्येक संदर्भाजवळ थांबून तो जेथे नेतो ते कलम प्रत्यक्ष उघडून वाचावे. निर्देश उपखंडांचा असून तेथे उपखंड नसतील, तर संदर्भ तुटला असे समजावे. ही तपासणी १ मे २०१४ पूर्वी झाली असती, तर सात वर्षांहून अधिक काळ ही त्रुटी कायद्यात राहिली नसती.