धातुरूपांचा तक्ता वाचताना : विसर्ग मोजा, ‘अ’ तपासा



संस्कृत शिकणारे अनेक जण पुस्तकातील पानाचे छायाचित्र भ्रमणभाषवर काढून ठेवतात आणि त्यावरूनच अभ्यास करतात. भाषांतराची सेवा शिकत असतांना मीही असेच एक छायाचित्र समोर ठेवून ‘मधुरं वदाम’ याचा अर्थ ‘आम्ही गोड बोलतो’ असा लिहिला होता. खरा अर्थ आहे ‘आपण गोड बोलूया’. जो संकल्प होता, त्याची माझ्या हातून बढाई झाली. कारण एवढेच, की अस्पष्ट छायाचित्रात मला ‘वदामः’ आणि ‘वदाम’ सारखेच दिसले. ही चूक कशी टाळावी, हे ‘वद्’ (बोलणे) या धातूवरून पाहूया.

१. तक्त्याची मांडणी

एका काळाच्या एका तक्त्यात ९ रूपे असतात. आडव्या ओळीत पुरुष आणि उभ्या रकान्यात वचन असते. वर्तमानकाळाचा (लट्) तक्ता असा :

| पुरुष | एकवचन | द्विवचन | बहुवचन |
|---|---|---|---|
| प्रथम | वदति | वदतः | वदन्ति |
| मध्यम | वदसि | वदथः | वदथ |
| उत्तम | वदामि | वदावः | वदामः |

येथे मराठी माणूस हमखास अडखळतो. मराठी व्याकरणात ‘प्रथम पुरुष’ म्हणजे ‘मी’. संस्कृतमध्ये मात्र ‘प्रथम पुरुष’ म्हणजे ‘तो, ती, ते’ आणि ‘मी’साठी ‘उत्तम पुरुष’. त्यामुळे ‘वदति’ म्हणजे ‘तो बोलतो’ आणि ‘वदामि’ म्हणजे ‘मी बोलतो’. काही पुस्तकांत ‘मी’ची ओळ सर्वांत वर छापलेली असते. म्हणून ओळीच्या क्रमावर विसंबू नका. लट्च्या तक्त्यात ‘मि’ने संपणारे रूप शोधा, ती ‘मी’ची ओळ.

२. शीर्षक कापले गेले असेल, तर काळ कसा ओळखावा ?

प्रथम पुरुष एकवचनाचे रूप पहा. ‘वदति’ म्हणजे वर्तमानकाळ, ‘अवदत्’ म्हणजे भूतकाळ (लङ्), ‘वदिष्यति’ म्हणजे भविष्यकाळ (लृट्), ‘वदतु’ म्हणजे आज्ञार्थ (लोट्) आणि ‘वदेत्’ म्हणजे विध्यर्थ (विधिलिङ्). ‘तो बोलतो’, ‘तो बोलला’, ‘तो बोलेल’, ‘त्याने बोलावे’ (किंवा ‘तो बोलो’) आणि ‘त्याने बोलायला हवे’ असे अर्थ अनुक्रमे घेता येतात.

३. भूतकाळ आणि आज्ञार्थ शेजारी ठेवा

भूतकाळ : अवदत्, अवदताम्, अवदन् / अवदः, अवदतम्, अवदत / अवदम्, अवदाव, अवदाम.

आज्ञार्थ : वदतु, वदताम्, वदन्तु / वद, वदतम्, वदत / वदानि, वदाव, वदाम.

दोन्हींत ९ पैकी ५ रूपांत आरंभीच्या ‘अ’चाच काय तो भेद आहे. छायाचित्राची डावी कड कापली गेली, तर ‘अवदत’चे ‘वदत’ होते, म्हणजे ‘तुम्ही बोललात’ याचे ‘तुम्ही बोला’ होते. भूतकाळाच्या तक्त्यात पाय मोडण्याचे चिन्हही पहावे लागते. ‘अवदत्’ म्हणजे ‘तो बोलला’ आणि ‘अवदत’ म्हणजे ‘तुम्ही बोललात’.

४. विसर्ग मोजा

‘वद्’च्या वर्तमानकाळाच्या तक्त्यात ४ विसर्ग असतात : द्विवचनाच्या रकान्यात ३ आणि ‘वदामः’मध्ये १. भूतकाळात केवळ १ (अवदः) असतो. आज्ञार्थात एकही नसतो. छायाचित्रातील वर्तमानकाळाच्या तक्त्यात ३च विसर्ग दिसले, तर तुमचे वाचन चुकले नसून ठिपके पुसट आले आहेत, असे समजा आणि पान पुन्हा उजेडात टिपा. ‘वदथः’ (तुम्ही दोघे बोलता) आणि ‘वदथ’ (तुम्ही सर्व बोलता) यांतही विसर्गाचाच भेद आहे.

ही मोजणी ‘वदति’, ‘पठति’, ‘गच्छति’ अशा परस्मैपदी धातूंना लागू पडते. ‘लभते’सारख्या आत्मनेपदी धातूंचे प्रत्यय वेगळे असतात.

५. तक्त्यातून वाक्यात येतांना

वाक्यात संधी होतो. ‘वदामः इति’ याचे ‘वदाम इति’ होते, कारण ‘अ’नंतरचा विसर्ग पुढे ‘अ’खेरीज दुसरा स्वर आल्यास लोप पावतो. अशा ठिकाणी ‘बोलतो’ की ‘बोलूया’ हे तक्ता सांगू शकत नाही. मागचे-पुढचे वाक्यच सांगते. ‘मधुरं वदाम’ या वाक्यात मात्र पुढे स्वर नव्हता. तेथे विसर्ग नाही, याचा अर्थ तो मुळातच नव्हता.

सरावासाठी : ‘पठ्’ (वाचणे) धातूचे वर्तमानकाळ आणि आज्ञार्थ यांचे तक्ते पुस्तक न पहाता लिहा. मग विसर्ग मोजा. पहिल्यात ४ आणि दुसऱ्यात शून्य आले पाहिजेत.